रॅकमध्ये राहिलेल्या ट्यूब : प्रस्तावना

कोल्हापुरात राजारामपुरी किंवा शाहूपुरीतल्या कुठल्याही डायग्नोस्टिक सेंटरमध्ये सकाळी आठच्या सुमारास गेलात, तर उपाशीपोटी आलेल्यांची रांग दिसेल. त्यातला प्रत्येक जण काउंटरवर एकच प्रश्न विचारतो : रिपोर्ट कधी मिळणार? चंदगडहून आलेल्या माणसाला डॉक्टरांना रिपोर्ट दाखवून संध्याकाळची एसटी गाठायची असते, म्हणून तो जरा जास्तच नेटाने विचारतो. उत्तर ठरलेले असते : ‘दोननंतर या.’ हा शब्द पाळला गेला का, हे रिपोर्टला लागलेल्या वेळेवरून मोजतात आणि त्या वेळेला लॅबमध्ये टर्नअराउंड टाइम किंवा नुसते टीएटी म्हणतात. पुढच्या प्रकरणांत या मोजणीच्या एकाच कागदाचा विचार केला आहे. तो म्हणजे प्रत्येक शिफ्ट संपताना निघणारा टीएटीचा गोषवारा आणि त्याच्या खाली येणारी रखडलेल्या नमुन्यांची यादी.

नव्याने रुजू झालेला टेक्निशियन, सेंटर चालवणारे डॉक्टर, कामाच्या दर्जाची जबाबदारी अंगावर पडलेली एखादी मॅडम, या सगळ्यांचे या विषयात स्वागत आहे. संख्याशास्त्राची तयारी लागत नाही. दोन वेळांची वजाबाकी येत असली की पुरे. अवघड आहे ते वेगळेच : कुठली वेळ कशातून वजा करायची आणि कुठले नमुने हिशेबात धरायचे, हे ठरवणे.

सुरुवात घड्याळापासून करू. अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट जॉर्ज लुंडबर्ग यांनी 1981 मध्ये तपासणीचा सगळा प्रवास एका वर्तुळासारखा मांडला. डॉक्टरांच्या डोक्यात तपासणीचा विचार येतो तिथे प्रवास सुरू होतो आणि रिपोर्ट पाहून डॉक्टर काही करतात तिथे तो पुरा होतो. मध्ये रक्त काढणे, ट्यूबवर नाव लावणे, ती पोचवणे, सिरम वेगळे करणे, मशीनवर लावणे, रिपोर्ट देणे असे टप्पे येतात. लॅबला मात्र स्वतःच्या हातातला भाग तेवढा मोजायला आवडते. ट्यूब दारात आली की घड्याळ सुरू, मशीनने आकडा दिला की बंद. असे मोजले की लॅब नेहमीच चपळ दिसते. लॅबना मान्यता देणारी एनएबीएल ज्या ISO 15189 मानकावर चालते, त्यात किती तासांत रिपोर्ट द्यायचा याचा सरसकट आकडा दिलेला नाही. रुग्णाची गरज पाहून तो लॅबने ठरवायचा, पाळला जातो का ते तपासायचे आणि उशिराने रुग्णाचे नुकसान होण्यासारखे असेल तर संबंधितांना कळवायचे, एवढी अपेक्षा आहे. माझे मत सरळ आहे : घड्याळ सुई टोचल्यापासून लावावे आणि पॅथॉलॉजिस्टने मंजूर केलेला रिपोर्ट बाहेर पडेपर्यंत चालू ठेवावे. गडहिंग्लजच्या कलेक्शन सेंटरमधली पिशवी शेवटच्या माणसाचे रक्त काढून झाल्यावरच निघते. तिथे पहिल्या माणसाची ट्यूब जो वेळ पडून राहते, तो दारापासून मोजणाऱ्या घड्याळात कुठेच येत नाही.

या घड्याळाचा दुबळेपणाही सांगायला हवा. रक्त काढल्याची वेळ संगणकात कोण टाकतो? बऱ्याच ठिकाणी बिल फाडल्याची वेळच रक्त काढल्याची म्हणून बसते, किंवा वीस ट्यूब जमल्यावर त्यांचे बारकोड एकदम स्कॅन होतात. हे ओळखणे सोपे आहे. एकाच मिनिटाला एकाच माणसाने दहा जणांच्या शिरा शोधल्याचे संगणक सांगत असेल, तर त्या दिवसाची सरासरी वाचण्यात अर्थ नाही. मशीनचे आणि लॅबच्या सॉफ्टवेअरचे घड्याळ जुळत नसेल, तर कधी कधी नमुना लॅबमध्ये येण्याआधीच त्याचा निकाल लागलेला दिसतो. असे उणे आकडे गुपचूप गाळून टाकू नयेत. घड्याळे बिघडल्याची वर्दी तेच देत असतात.

आता मुख्य गोष्ट. ती एका रचलेल्या उदाहरणातून पाहू. सकाळची शिफ्ट आठ ते दोन. तपासणी क्रिएटिनिन, ठरलेली मुदत रक्त काढल्यापासून तीन तास. बारा नमुने आले. दोनपर्यंत नऊ रिपोर्ट गेले. सगळ्यात लवकरचा 95 मिनिटांत, सगळ्यात उशिराचा 140 मिनिटांत, सरासरी 115. गोषवाऱ्यात लिहिले जाते : शंभर टक्के वेळेत. शिफ्ट इन्चार्जची सही होते आणि सगळे जेवायला जातात.

रॅकमध्ये मात्र तीन ट्यूब आहेत. पहिलीतले रक्त 9.10 ला काढलेले आहे, म्हणजे दोन वाजता तिला चार तास पन्नास मिनिटे झाली. दुसरीतले 10.05 चे, म्हणजे तीन तास पंचावन्न मिनिटे. तिसरीतले 1.20 चे. तिला चाळीसच मिनिटे झाली आहेत, तिची काळजी नाही. मुदत उलटलेल्या दोन ट्यूब सरासरीत नाहीत, कारण त्यांचा रिपोर्ट गेलेला नाही आणि रिपोर्ट गेल्याशिवाय वजाबाकीच होत नाही. एसटी वेळेवर धावते का, हे स्टँडवर पोचलेल्या गाड्यांवरून ठरवायचे आणि करूळ घाटात बंद पडलेली गाडी मोजायचीच नाही, असा हा प्रकार आहे. खरा हिशेब असा : रिपोर्ट गेला किंवा मुदत उलटली असे नमुने अकरा. त्यांतले नऊ वेळेत, दोन रखडलेले. म्हणजे शंभर नव्हे, 82 टक्के.

पुढे काय होते तेही पाहण्यासारखे आहे. दुपारच्या शिफ्टने दोन्ही नमुने हाताळले, रिपोर्ट अनुक्रमे 340 आणि 260 मिनिटांत गेले, आणि हे दोन्ही आकडे दुपारच्या सरासरीत जाऊन बसले. ज्यांनी अडकलेले काम उरकले त्यांच्याच माथी उशीर, आणि सकाळचा कागद कोरा करकरीत. म्हणून उशीर मांडायचा तो मुदत ज्या शिफ्टमध्ये संपली तिच्या नावावर. रखडलेल्यांची यादीही गेलेल्या रिपोर्टांवरून काढू नये, राहिलेल्या ट्यूबवरून काढावी. सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याला हे चार ओळींत सांगता येते :

```sql
SELECT barcode, test, collected_at
FROM samples
WHERE reported_at IS NULL
  AND collected_at + target < now();
```

यातला `target` प्रत्येक तपासणीचा वेगळा. छातीत दुखणाऱ्या माणसाच्या ट्रोपोनिनला एक तास, क्रिएटिनिनला आपल्या उदाहरणात तीन. ब्लड कल्चरला जंतू वाढायलाच दिवस लागतात, त्यामुळे त्याची यादी निराळी ठेवावी. नाहीतर रोज तीच नावे लाल रंगात दिसतात आणि चार दिवसांत त्या रंगाकडे कोणी पाहीनासे होते. याच ओळी शिफ्ट संपण्याच्या एक तास आधी चालवल्या, तर ज्यांच्या हातून उशीर होतो आहे त्यांनाच तो निस्तरायची संधी मिळते.

यादीत बारकोड आला म्हणजे काम संपले नाही. ट्यूब कुठल्या टप्प्यावर थांबली, हे शेजारी लिहिलेले हवे. आपल्या उदाहरणातली पहिली ट्यूब गडहिंग्लजच्या पिशवीतून साडेबाराला आली. तिथेच रक्त पुरते गोठण्याआधी फिरवल्यामुळे सिरममध्ये फायब्रिनचे धागे राहिले, ते मशीनच्या सुईत अडकले आणि ट्यूब बाजूला निघाली. साध्या ट्यूबमधले रक्त गोठायला अर्धा तास द्यावा लागतो. घाईत तो वाचवायला जावे तर पुढे तासभर जातो. दुसऱ्या ट्यूबची गोष्ट उलटी आहे. मशीनने तिचा आकडा 11.40 लाच दिला होता. त्याच रुग्णाच्या मागच्या महिन्याच्या आकड्याशी तो जुळेना, म्हणून सॉफ्टवेअरने तो पॅथॉलॉजिस्टच्या नजरेसाठी थांबवला. पॅथॉलॉजिस्ट गाठीची सुई-तपासणी करण्यात गुंतलेले होते आणि पडद्यावरची रांग कोणी पाहिली नाही. बाहेरून दोन्ही उशीर सारखेच दिसतात. एकासाठी गडहिंग्लजच्या माणसाशी बोलावे लागेल, दुसऱ्यासाठी मंजुरीची रांग बघायला कोणीतरी नेमावे लागेल. नवे मशीन घेऊन यातले काहीच सुटणार नाही, आणि तरी उशीर म्हटला की पहिले कोटेशन मशीनचेच मागवले जाते!

आणखी एक फरक यादीत दिसायलाच हवा, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. काही नमुने नुसते उशिरा असतात, काही उशिराने नासतात. सिरम वेगळे करून नीट ठेवलेले असेल तर क्रिएटिनिनचा आकडा चार तासांनीही भरवशाचा असतो, रुग्णाचा खोळंबा होतो तेवढाच. पण पेशींवरच पडून राहिलेल्या रक्तात पेशी साखर खात राहतात. साध्या ट्यूबमध्ये खोलीच्या तापमानाला ती तासाला साधारण पाच ते सात टक्क्यांनी उतरते. फ्लोराइडच्या ट्यूबमध्ये ही घट थांबते, पण पहिल्या तास-दोन तासांत तीही पुरती थांबत नाही. पोटॅशियमचे उलटे. ते पेशींतून झिरपून बाहेर येते आणि आकडा खोटाच वाढतो. शहाणपण करून न फिरवलेली ट्यूब फ्रिजमध्ये ठेवली, तर पोटॅशियम आणखीच वाढते, कारण त्याला पेशीत धरून ठेवणारी यंत्रणा थंडीत मंदावते. म्हणून रक्त काढल्यापासून दोन तासांत सिरम वेगळे करावे, असा दंडक आहे. हे दोन तास पाळले गेले नसतील, तर यादीत त्या नमुन्यापुढे ‘उशीर’ असे लिहून भागणार नाही. साखर आणि पोटॅशियमसाठी ‘पुन्हा रक्त घ्या’ असेच लिहावे लागेल.

आणि पुन्हा रक्त घेतले की हिशेबात नवी फट पडते. नव्या ट्यूबला नवा बारकोड मिळतो, घड्याळ शून्यावर येते आणि दोन तासांत रिपोर्ट गेला की तो वेळेत धरला जातो. रुग्ण मात्र सकाळपासून बाकावर बसलेला असतो. अशा रुग्णांची वेळ पहिल्या सुईपासूनच मोजावी आणि रद्द झालेल्या नमुन्यांची संख्या गोषवाऱ्यात वेगळी द्यावी. ती लपवली, तर नमुने रद्द करणे हाच टीएटी सुधारण्याचा सोपा मार्ग होऊन बसतो.

लॅबच्या हाताबाहेरचे उशीरही असतात. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद होता. 2021 च्या जुलैतही तो बंद पडला. मोठ्या लॅबकडे पुण्या-मुंबईला जाणाऱ्या नमुन्यांची वाट हीच. अशा दिवसांचे नमुने सरासरीतून वगळावेत की नाही, यावर लोक वाद घालतात. मी म्हणेन, वगळू नयेत. कारणाच्या रकान्यात ‘रस्ता बंद’ लिहावे. पुढच्या पावसाळ्यात कोणत्या तपासण्यांचे रक्त घ्यायचेच नाही किंवा सिरम गोठवून थांबवायचे, हे त्या रकान्यावरूनच ठरवता येते.

यादी शेवटी कोणाच्या हातात जाते, यावर तिचा उपयोग ठरतो. महिन्याच्या फाइलला लावण्यापुरती ती काढायची असेल तर न काढलेली बरी. शिफ्ट बदलताना दोन्ही इन्चार्जनी रॅकसमोर उभे राहून ती वाचावी, प्रत्येक बारकोड समोरच्या ट्यूबशी ताडून पाहावा आणि यादीत आहे पण रॅकमध्ये नाही अशी ट्यूब आधी शोधावी. मग काउंटरवरून रुग्णाला आणि गरज असेल तिथे डॉक्टरांना फोन जावा : रिपोर्ट दोनला नाही, साडेतीनला मिळेल. चंदगडच्या माणसाने तेवढ्या वेळात जेवून घ्यायचे की उद्या यायचे, हे तो स्वतः ठरवील.