क्रेडिट कार्डावरील किमान देय रक्कम

किमान देय रक्कम म्हणजे क्रेडिट कार्डाचे खाते थकीत ठरू नये यासाठी देय दिनांकापर्यंत भरावी लागणारी सर्वांत लहान रक्कम होय. ती भरल्याने विलंब शुल्क टळते. व्याज मात्र टळत नाही.

बिलिंग चक्र आणि देय दिनांक

एका विवरणपत्रात ज्या कालावधीतील व्यवहार येतात, त्यास बिलिंग चक्र म्हणतात. चक्र ११ मे ते १० जून आणि देय दिनांक ३० जून असेल, तर ११ मेच्या खरेदीला ५० दिवस, तर १० जूनच्या खरेदीला केवळ २० दिवस बिनव्याजी मिळतात. एकूण देय रक्कम पूर्ण भरली तरच ही सवलत लागू होते. रोख रक्कम काढल्यास ती मुळीच मिळत नाही. काढल्या दिवसापासून व्याज सुरू होते.

व्याजाची आकारणी

समजा, तळेगाव दाभाडे येथील एका कार्डधारकाने २१ मे रोजी २०,००० रुपयांची खरेदी केली. आधीची बाकी नाही, व्याजदर वार्षिक ४२ टक्के आणि किमान रक्कम ५ टक्के, म्हणजे १,००० रुपये आहे. त्याने ३० जून रोजी तेवढीच भरली. आता व्याज देय दिनांकापासून नव्हे, तर खरेदीच्या दिवसापासून मोजले जाते. २१ मे ते २९ जून या ४० दिवसांचे २०,००० रुपयांवर सुमारे ९२१ रुपये आणि ३० जून ते १० जुलै या ११ दिवसांचे उरलेल्या १९,००० रुपयांवर सुमारे २४० रुपये होतात. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरता आकार सुमारे १,३७० रुपये होतो. परिणामी १,००० रुपये भरूनही बाकी २०,३७० रुपये, म्हणजे मूळ खरेदीपेक्षा अधिक दिसते. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते.

पूर्ण बाकी फेडल्यानंतरच्या विवरणपत्रातही थोडे व्याज दिसू शकते. ते विवरणपत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचे असते.

नियमन

भारतीय रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी याविषयी निर्देश जारी केले. त्यांनुसार किमान रक्कम अशी ठरवावी लागते, की ती भरत राहिल्यास कर्ज फुगत जाऊ नये. म्हणून पुढील विवरणपत्रात व्याज व कर सहसा पूर्णपणे किमान रकमेत धरले जातात. वरील उदाहरणात ती १,३७० अधिक १९,००० रुपयांचे ५ टक्के, म्हणजे सुमारे २,३२० रुपये होते. पण त्यातून मुद्दल केवळ ९५० रुपयांनी घटते.

विलंब शुल्क देय दिनांकानंतर तीन दिवसांहून अधिक उशीर झाल्यावरच आणि केवळ न भरलेल्या रकमेवर आकारता येते. कार्डधारकास बिलिंग चक्र किमान एकदा बदलून घेता येते. पगार ७ तारखेला जमा होत असून देय दिनांक ५ तारखेला येत असेल, तर हा बदल उपयोगी पडतो.

२० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा २००८ चा आदेश रद्द केला. त्या आदेशाने वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज अनुचित ठरवले होते. त्यामुळे कार्डाचा नेमका दर शर्तींच्या पत्रकातूनच पाहावा लागतो.