शाळेच्या खेळ साहित्यासाठी प्रस्ताव कसा लिहावा? आधी काय, किती खर्च, फायदा काय

खामगाव : शाळेत खेळाचं साहित्य नाही, ही तक्रार गावोगाव ऐकू येते. पण नुसतं तोंडी सांगून काम होत नाही. शाळा व्यवस्थापन समितीकडे एक पानाचा लेखी प्रस्ताव द्यावा लागतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार विनाअनुदानित खासगी शाळा सोडून इतर शाळांच्या या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यामुळे पालकही हा विषय बैठकीत मांडू शकतात. अर्ज अध्यक्षांच्या नावे लिहून मुख्याध्यापकांकडे द्यावा.

पैसा कुठून?
समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना खेळासाठी वर्षाला अनुदानाची तरतूद आहे. प्राथमिकला 5,000, उच्च प्राथमिकला 10,000 आणि माध्यमिक-उच्च माध्यमिकला 25,000 रुपयांपर्यंत. मंजूर रक्कम कमीही येऊ शकते, म्हणून यादी प्राधान्यानेच करावी.

एक नमुना
समजा, आठवीपर्यंतची शाळा आहे आणि हाताशी 10,000 रुपये आहेत. खालचे दर अंदाजे धरले आहेत; प्रस्तावात दुकानातून आणलेले दरपत्रकच जोडावे.

पहिलं प्राधान्य (5,900 रुपये) : खो-खोचे दोन खांब 3,000, उड्या मारायच्या 20 दोऱ्या 1,200, चार नंबरचे दोन फुटबॉल 1,200, हवा भरायचा पंप 500.
दुसरं प्राधान्य (3,100 रुपये) : व्हॉलीबॉल व जाळी 1,800, मोजपट्टी, शिट्टी, स्टॉपवॉच व चुना 1,300.
दुरुस्तीसाठी राखीव : 1,000 रुपये.

पैसे 6,000 च आले तरी पहिली यादी पूर्ण होते. खांब आधी का? कारण एकदा घेतले की वर्षानुवर्षं चालतात, आणि खो-खोत एका वेळी 12 पोरं मैदानात असतात. कबड्डीला तर चुन्याच्या रेषा पुरतात. मात्र आपल्या काळ्या जमिनीत पावसात खांब हलतो, उन्हाळ्यात भेगा पडून सैल होतो. खांबाच्या बुडाशी सिमेंटचं काम करायचं असेल तर तो खर्चही त्यातच धरावा.

फायदा मोजता येईल असा लिहावा
"मुलांचा विकास होईल" एवढ्यावर समिती काय ठरवणार? त्यापेक्षा "आज खेळाच्या तासाला 60 पैकी 20 पोरं खेळतात, बाकीची बसून राहतात, साहित्य आल्यावर सगळी खेळतील, आणि मुलींचा खो-खो संघ तालुका स्पर्धेला जाईल" असं लिहावं. आकडे आपल्या शाळेचे, मोजून घेतलेले असावेत.

गाडी कुठे अडते?
मार्च संपत आला की घाईत खरेदी होते आणि हलकं सामान येतं. म्हणून जून-जुलैच्या बैठकीतच ठराव घ्यावा. खरेदीनंतर पक्कं बिल आणि साठा नोंदवहीतली नोंद पाहावी. सामान कोणत्या वर्गाला, कधी दिलं याची नोंदच नसेल, तर ते कपाटात कुलपात पडून आहे असं समजावं. प्रस्तावातच शेवटी लिहावं : चावी कोणाकडे राहील आणि साहित्य कोणत्या तासाला बाहेर निघेल.