एस्कलेशन ईमेल
एस्कलेशन ईमेल : दुसऱ्या विभागावर अवलंबून असलेले काम अडल्यावर निर्णयाचा अधिकार असलेल्या वरिष्ठांना पाठवायचा ईमेल. तो तक्रार नसून निर्णयाची मागणी असतो; म्हणून मागणी आरंभीच यावी. समजा, सुरक्षा तपासणी रखडल्याने 15 तारखेला येणारे मोबाइल ॲप अडले आहे. ‘तपासणी लांबली’ एवढ्यावरून वरिष्ठांना काही ठरवता येत नाही. ‘मंगळवारपर्यंत तपासनीस द्यावा, अन्यथा ॲप दोन आठवडे पुढे ढकलण्यास मान्यता द्यावी’ यावरून ठरवता येते. अशा ईमेलमुळे सहकाऱ्यांची चहाडी होते, हा आक्षेप दुसऱ्या विभागाच्या प्रमुखांना आधी सांगून ईमेलची प्रत दिल्यास टिकत नाही. कारण कोणाचे काम आधी, हे ठरवणे दोन्ही विभागांच्या हाती नसते.