कमरख व मूत्रपिंडविकार

कमरख (करमल, ॲव्हेऱ्होआ कॅरांबोला) : कोकण-गोव्याच्या परसांतून आढळणारे, पाच कंगोऱ्यांचे हे आंबटगोड फळ निरोगी मनुष्याने माफक प्रमाणात खाल्ल्यास सहसा बाधत नसले, तरी मूत्रपिंडे निकामी झालेल्या रोग्यास अर्ध्या फळानेही विषबाधा झाल्याचे दाखले वैद्यकीय दप्तरी आहेत.

या विषबाधेचे मूळ असलेले कॅरांबॉक्सिन हे द्रव्य ब्राझीलमधील साव पावलू विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगळे करून 2013 मध्ये प्रसिद्ध केले. फेनिलअ‍ॅलनिन या अमिनो आम्लाशी रचनेने साम्य असलेले हे द्रव्य मेंदूतील ग्लूटामेट-ग्राहकांना चेतवते. निरोगी मूत्रपिंडे त्याचा निकाल वेळीच लावतात. रोगग्रस्त मूत्रपिंडांच्या बाबतीत मात्र ते रक्तात साचून मेंदूपर्यंत पोहोचते, आणि काही तासांतच प्रथम न थांबणारी उचकी, मग उलटी, निद्रानाश व मतिभ्रम, आणि अखेरीस आवरता न येणारे झटके अशी लक्षणे उद्भवतात. उचकी रक्तातील युरिया वाढल्यानेही लागत असल्याने निदानात चूक होणे सोपे आहे. म्हणून डायलिसिसच्या रोग्यास अकस्मात उचकी लागल्यास त्याने काय खाल्ले, काय प्यायले, याची चौकशी प्रथम करावी.

रसाचा धोका विशेष मानण्याचे कारण असे की, जी चार-सहा फळे चावून खाताना दात आंबतील, ती एका पेल्यात सहज मावतात, आणि चोथा गाळलेला हा रस अनशापोटी घेतला असता त्वरेने शोषला जातो. शिवाय त्यात, विशेषतः आंबट जातीच्या फळाच्या रसात, ऑक्झॅलेट विपुल असते. 2001 मध्ये तैवानच्या वैद्यांनी वर्णिलेल्या दोन रोग्यांची मूत्रपिंडे पूर्वी धडधाकट होती. परंतु रिकाम्या पोटी आंबट फळांचा ताजा रस मोठ्या प्रमाणात प्यायल्यावर काही तासांतच त्यांना मळमळ, पोटात व पाठीत वेदना सुरू झाल्या, आणि तपासणीत मूत्रपिंडांच्या नलिकांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक अडकलेले दिसले. (ते दोघे बरे झाले.) म्हणजे ज्या वाटेने विष बाहेर पडावयाचे, ती वाटच रस बुजवतो, आणि मधुमेहावरचा घरगुती उपाय म्हणून तो पिणाऱ्याचा मूत्रपिंडविकार पुष्कळदा त्यास स्वतःलाही ठाऊक नसतो.

उपचारात झटके थांबविणारी औषधे पुष्कळदा अपुरी पडतात. तातडीचे रक्त-डायलिसिस हाच मुख्य उपाय होय. एका बैठकीनंतर लक्षणे ओसरली, तरी ती उलटण्याचा संभव असल्याने ते पुनःपुन्हा करावे लागते. उदराच्या पडद्यातून केले जाणारे डायलिसिस या कामी पुरे पडत नाही.