काचेवरचा डाग

इंग्रजीत जिला ‘स्टेन्ड ग्लास’ म्हणतात, तिला मराठीत आपण सरळ रंगीत काच म्हणतो, आणि या बाबतीत आपला शब्द जास्त खरा आहे. ‘स्टेन’ म्हणजे डाग. त्या नावावरून वाटते, आधी साधी काच तयार झाली आणि मग कोणी तिला रंग लावला. फ्रान्समधल्या बाराव्या-तेराव्या शतकातल्या खिडक्यांचे तसे नाही. तिथला निळा, हिरवा, जांभळा हा काचेच्या अंगचाच रंग आहे. तुकडा फोडला तरी आत तोच सापडेल. फ्रेंच लोक तिला ‘व्हित्राय’ म्हणतात. त्या शब्दात फक्त काच आहे, डाग नाही.

हा रंग काचेत शिरतो कसा, ते बाराव्या शतकाच्या सुरुवातीला थिओफिलस नावाने लिहिणाऱ्या एका ख्रिस्ती साधूने लॅटिनमध्ये सांगून ठेवले आहे. बीच झाडाच्या लाकडाची राख दोन भाग आणि स्वच्छ वाळू एक भाग घ्यायची आणि मातीच्या मुशीत घालून भट्टीत वितळवायची. राखेतल्या पोटॅशमुळे वाळू कमी तापमानाला वितळते. पण त्या राखेत मँगनीजही असते आणि वाळूत थोडे लोह. भट्टीतल्या रसाला हवा किती मिळते, तो किती वेळ तापतो, यावर या दोन धातूंची अवस्था बदलते आणि तिच्याबरोबर रंगही. म्हणून थिओफिलस रंगाची पूड सांगत नाही, वेळ सांगतो. एखादी मूस पिवळसर व्हायला लागली तर ती तिसऱ्या तासापर्यंत ठेवा, फिका केशरी मिळेल. सहाव्या तासापर्यंत ठेवा, तांबूस केशरी मिळेल. त्याचा शब्दही ‘क्रोसियस’, म्हणजे केशराचाच. रस अंगाच्या कातडीसारखा दिसू लागला तर तो चेहऱ्या-हातांसाठी बाजूला काढा, आणखी तापवला तर जांभळ्याकडे जाईल. हे वाचताना मला पाक करणारी बाई आठवते. पाक एकतारी झाला की दोनतारी, हे तिला डोळ्यांनीच कळते.

निळ्यासाठी मात्र त्याचा शब्द आहे ‘सफीरम’, नीलम. पॅरिसजवळच्या सेंट-डेनिसच्या मठाधिपती सुजेरनेही आपल्या खिडक्यांबद्दल लिहिताना नीलमाचाच शब्द वापरला. त्याच्या चर्चच्या नव्या गाभाऱ्याचे लोकार्पण ११४४ साली झाले. या शब्दाने पुढे अनेकांना फसवले, रत्ने कुटून काचेत घातली असतील असे वाटले. खरे काम कोबाल्टचे होते. हजारात एखादा भाग कोबाल्ट असला तरी काच गडद निळी होते. हे नाव नंतरचे. जर्मन खाणकामगारांना चांदीच्या आशेने भट्टीत घातलेल्या खनिजातून विषारी धूर मिळाला, तेव्हा त्यांनी ते ‘कोबोल्ड’ या खोडकर भुताच्या माथी मारले.

थिओफिलस सांगतो, फ्रँक लोक जुन्या मूर्तिपूजकांच्या इमारतींतले निळे मोझाइकचे चौकोन आणि फुटकी भांडी गोळा करतात आणि स्वच्छ काचेच्या रसात वितळवून खिडक्यांसाठी निळे पत्रे करतात. ही ऐकीव गोष्ट वाटते खरी. पण शार्त्रच्या चर्चमधल्या आणि सेंट-डेनिसच्या बाराव्या शतकातल्या निळ्या काचा तपासल्यावर त्यांत लाकडाच्या राखेच्या पोटॅशऐवजी सोडा निघाला, जसा रोमन काचेत असतो. त्याचा फायदा आजही दिसतो. पोटॅशची काच पावसाने झिजते, बाहेरून खड्डे पडतात आणि पांढरट खपली धरते. सोड्याची निळी काच शेजारच्या तुकड्यांपेक्षा खूप चांगली टिकली आहे.

लाल रंगाने कारागिरांना वेगळाच त्रास दिला. तो तांब्यापासून येतो, पण सबंध जाडीभर लाल काच केली तर ती काळी दिसते, उजेड आत येतच नाही. म्हणून स्वच्छ काचेवर लाल काचेचे पातळ थर चढवत. लाल तुकड्याची कड आडवी धरून पाहिली तर हे थर डोळ्यांना दिसतात.

आता पत्र्यांतून चित्र करायचे. लाकडी फळीला खडूचा हात द्यायचा आणि तिच्यावर पूर्ण मापात आकृती काढायची. स्पेनमधल्या जिरोना इथे चौदाव्या शतकातली अशी फळी आजही जपून ठेवलेली आहे. नंतर फळीची जागा मोठ्या जाड कागदाने घेतली, इटालियनमध्ये ‘कार्तोने’. आपले कार्टून तिथूनच आले. १८४३ साली लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकाने संसदेच्या भित्तिचित्रांसाठी मागवलेल्या अशा आराखड्यांची थट्टा केली, आणि शब्दाचा अर्थ आराखड्याऐवजी व्यंगचित्र असा झाला.

काच कापायला तेव्हा हिरा वापरत नव्हते. तापवलेले लोखंड काचेच्या कडेला लावायचे, तडा गेला नाही तर तिथे ओले बोट, थुंकीचे, लावायचे, आणि तडा हवा तसा लोखंडाच्या मागे मागे न्यायचा. मग खाचेच्या लोखंडी हत्याराने कड कुरतडत आकारात आणायची. अशी उंदराने खाल्ल्यासारखी कड दिसली की तुकडा जुना आहे असे जाणकार ओळखतात. डोळे, बोटे, चुण्या यांच्यासाठी धातूची भाजलेली पूड आणि काचेची पूड दारूत किंवा मुतात वाटून काळपट रंग करायचे आणि पुन्हा भाजून तो पक्का करायचे.

तुकडे जोडायला शिशाच्या पट्ट्या. दोन्ही बाजूंना खाच, मध्ये कणा, खाचेत काच बसते; सांध्यांवर कथिलाचा डाख. या पट्ट्यांना थिओफिलस ‘कॅलामी’ म्हणतो. लॅटिन ‘कॅलामस’ म्हणजे बोरू. पट्ट्या ओतण्याच्या एका पद्धतीत बोरूचा साचा वापरत. या बोरूचे ग्रीक रूप अरबीत ‘कलम’ झाले, आणि आपल्याकडे लेखणी, झाडाचे कलम, कायद्याचे कलम होऊन राहिले. खिडकीतली काळी रेघ आणि कागदावरची शाई, दोन्ही एकाच गवताच्या काडीची संतती.

शिसे मऊ, मोठी खिडकी एकसंध उभी राहूच शकत नाही. म्हणून ती लहान चौकटींची करतात, प्रत्येक चौकट दगडात बसवलेल्या लोखंडी सापळ्यावर टेकते. शार्त्रमध्ये ११९४ साली आग लागली, चर्चचा मोठा भाग जळाला. पण ११८० च्या सुमाराची निळ्या वस्त्रातल्या मेरीची खिडकी वाचली. तिच्या मधल्या चौकटी नव्या चर्चमध्ये आणून भोवती तेराव्या शतकातले देवदूत जोडले. चौकटी सुट्या होत्या, म्हणूनच हे जमले.

आपला ‘तावदान’ शब्द फारसी ताबदानाचा, उजेड आत यायची जागा. आणि ‘डाग’ही फारसी, तिथे ‘दाग’ म्हणजे तापलेल्या लोखंडाने उठवलेली खूण. या अर्थाचा डाग युरोपातल्या खिडक्यांच्या काचेवर चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला पडू लागला. चांदीचे क्षार मातीत कालवून काचेच्या मागच्या बाजूला लावले आणि भाजले की चांदी काचेत शिरते, माती झटकून टाकली तरी पिवळा राहतो. नॉर्मंडीतल्या ल मेनिल-व्हिलमां इथे १३१३ सालची अशी काच आहे. तोपर्यंत देवदूताचा चेहरा एका पांढऱ्या तुकड्यावर आणि सोनेरी केस दुसऱ्या तुकड्यावर करावे लागत, आणि कपाळावरून शिशाची काळी रेघ जायची. आता एकाच तुकड्यावर चेहरा, केस आणि मुकुट मावू लागले.