फतवा
इस्लामी धर्मशास्त्राच्या जाणकाराने, म्हणजे मुफ्तीने, विचारलेल्या प्रश्नावर दिलेला अभिप्राय. काझीचा निवाडा पक्षकारांस बांधतो. फतवा मात्र बांधत नाही, आणि मुफ्ती साक्षीपुरावाही तपासत नसल्यामुळे प्रश्नात दडविलेली वस्तुस्थिती उत्तरातही दडलेलीच राहते. वृत्तपत्रांनी या शब्दास हुकूमनाम्याचा अर्थ चिकटविला असला, तरी बहुतेक फतवे नमाज, रोजा, जकात अशा नित्याच्या बाबींविषयीच असतात.

सोलापूर जिल्ह्यातील केम येथून कोणी दहा दिवसांच्या मुक्कामासाठी रेल्वेने पुण्यास निघाला, तर तेथे एकट्याने पढावयाच्या चार रकातींच्या नमाजी त्याने दोनच कराव्यात काय, असा प्रश्न कल्पावा. हनफी मुफ्ती होय म्हणेल; कारण अंतर पुरेसे आहे आणि मुक्कामाचा संकल्प पंधरा दिवसांहून कमी आहे. तोच प्रश्न कोकणातील शाफिई मुफ्तीकडे गेल्यास, येण्याजाण्याचे दिवस वगळून चार दिवसांच्या मुक्कामाचा संकल्प झाला की सवलत संपते, असे उत्तर मिळेल. पहाटेच्या दोन व मगरिबच्या तीन रकाती दोघांच्याही मते कायम राहतात. आणि स्थानिक इमामामागे उभा राहिलेला प्रवासी त्याच्याबरोबर चारही पुऱ्या करतो. केमहून नजीकच्या कुर्डुवाडीस जाणाऱ्यास मात्र ही सवलत कोणीच देणार नाही.

विश्वलोचन मदन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली फतव्यास कायद्याचे बळ नाही व तो कोणावर लादता येत नाही, असे ठरविले. मात्र तो देण्यास मनाई केली नाही.