एकच इम्पिडन्स, दोन घडणी: फॉस्टरची रांग आणि काउअरची शिडी

लातूरजवळच्या मुरुडहून एका श्रोत्याचा प्रश्न आला, आणि आजचा भाग त्याच प्रश्नावर. प्रश्न असा: ‘इम्पिडन्सचं सूत्र दिलेलं असतं, त्याचे पार्शल फ्रॅक्शन करून कॉइल आणि कंडेन्सरची शिडी बांधा म्हणतात. पण पार्शल फ्रॅक्शन केलं की हाती शिडी येतच नाही. मग ती येते कुठून?’ प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर १९२४ ते १९२६ या दोन वर्षांत घडलं.

त्याआधी काम उलट्या दिशेनं चालायचं. अमेरिकेत ‘ए टी अँड टी’ या टेलिफोन कंपनीतल्या जॉर्ज कॅम्पबेलनं १९१५ मध्ये वेव्ह फिल्टरच्या पेटंटसाठी अर्ज केले होते. त्याच्या फिल्टरमध्ये कॉइल-कंडेन्सरचे सारखे टप्पे एकापुढे एक जोडलेले असत. म्हणजे आधी सर्किट मांडायचं आणि मग ते कसं वागतं ते काढायचं. वागणूक आधी ठरवून त्यातून सर्किट काढायची रीत नव्हती.

त्याच कंपनीत रोनाल्ड फॉस्टर होता. एप्रिल १९२४ मध्ये त्याचा ‘अ रिअॅक्टन्स थिअरम’ हा लेख बेल सिस्टिम टेक्निकल जर्नलमध्ये आला. त्यानं विचारलं, नुसत्या कॉइल आणि कंडेन्सरच्या कोणत्याही जाळ्यात दोन टोकांकडून पाहिलं, तर इम्पिडन्स कसकसा असू शकतो? या दोन टोकांकडून दिसणाऱ्या इम्पिडन्सलाच आपण ड्रायव्हिंग पॉइंट इम्पिडन्स म्हणतो. उत्तर फार देखणं निघालं. वारंवारिता वाढवत नेली की इम्पिडन्स कुठे शून्य होतो आणि कुठे अनंताला जातो. ही शून्यं आणि हे अनंत, म्हणजे झीरो आणि पोल, आळीपाळीनंच येतात. दोन झीरो शेजारी-शेजारी कधीच येत नाहीत.

आता एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून चालू.

```
Z(s) = (s²+1)(s²+9) / [ s(s²+4) ]
```

इथे झीरो १ आणि ३ वर आहेत, पोल ०, २ आणि अनंतावर. ०, १, २, ३, अनंत: पोल, झीरो, पोल, झीरो, पोल. आळीपाळी जुळली, म्हणजे सर्किट होणार. फॉस्टरच्या रीतीनं पार्शल फ्रॅक्शन केलं की प्रत्येक पोलचं एक पद सुटं होतं:

```
Z(s) = s + (9/4)/s + (15/4)s/(s²+4)
```

पहिलं पद म्हणजे १ हेन्रीची कॉइल. दुसरं म्हणजे ४/९ फॅरडचा कंडेन्सर. तिसरं म्हणजे १५/१६ हेन्रीची कॉइल आणि ४/१५ फॅरडचा कंडेन्सर समांतर जोडलेले, ज्याला आपण टँक म्हणतो. ही तिन्ही एकामागून एक, सिरीजमध्ये जोडायची. हे बरोबर सर्किट आहे, पण ही शिडी नाही. ही रांग आहे. मुरुडच्या श्रोत्याची अडचण नेमकी इथे आहे.

शिडी आली बर्लिनहून. विल्हेल्म काउअर हा १९०० मध्ये जन्मलेला गणिती वृत्तीचा तरुण. १९२६ च्या त्याच्या प्रबंधाचा विषयच होता, ठरवून दिलेल्या वारंवारिता-वर्तनाचा इम्पिडन्स प्रत्यक्षात कसा उतरवायचा. फॉस्टरचं काम त्याच्यासमोर होतं. त्यानं त्याला वितत अपूर्णांकाची, म्हणजे कंटिन्यूड फ्रॅक्शनची जोड दिली. हे गणित स्टील्टेस यानं १८९४ मध्येच मांडून ठेवलं होतं, पण त्याच्या मनात कॉइल-कंडेन्सर नव्हते.

काउअरची युक्ती साध्या शब्दांत सांगतो. फॉस्टर सगळी पदं एका दमात सोडवतो. काउअर फक्त एकच पद काढतो, अनंतावरच्या पोलचं, आणि बाकीचं तसंच ठेवतो. मग उरलेल्याला उलटं करतो, म्हणजे १ भागिले ते. उलटल्यावर अनंतावर पुन्हा पोल तयार होतो, तो काढायचा, पुन्हा उलटायचं. म्हणजे पार्शल फ्रॅक्शनच, पण घास-घास करून.

आपल्या उदाहरणात करून पाहू. वर s⁴+10s²+9, खाली s³+4s. भागाकार केला की

```
Z       = s        + (6s²+9)/(s³+4s)
उलटून:  s/6        + (5/2)s/(6s²+9)
उलटून:  (12/5)s    + 9/((5/2)s)
उलटून:  (5/18)s    (बाकी शून्य)
```

इम्पिडन्समधून जे निघालं ती सरळ रेषेतली कॉइल, आणि उलटल्यावर जे निघालं तो रेषेतून जमिनीकडे उतरणारा कंडेन्सर. म्हणून क्रम असा: १ हेन्री कॉइल, १/६ फॅरड कंडेन्सर, १२/५ हेन्री कॉइल, ५/१८ फॅरड कंडेन्सर. शिडी झाली. घटक दोन्हीकडे चारच.

गणित बरोबर आलं की नाही हे कसं कळावं? वारंवारिता अगदी कमी केली की कॉइल म्हणजे नुसती तार. मग शिडीतले दोन्ही कंडेन्सर समांतर होतात: १/६ अधिक ५/१८, म्हणजे ४/९. फॉस्टरच्या रांगेतही त्या टोकाला ४/९ चाच कंडेन्सर उरतो. जुळलं. हे जुळलं नाही तर भागाकारात कुठेतरी चूक आहे.

आणि सूत्रच चुकीचं असेल तर? पोल आणि एक झीरो यांची अदलाबदल करून (s²+1)(s²+4) / [s(s²+9)] घ्या. १ आणि २ हे झीरो आता शेजारी आले. पहिली कॉइल १ हेन्री निघते, पण दुसऱ्याच पायरीला कंडेन्सर उणे १/४ फॅरड येतो. उणे कंडेन्सर बाजारात मिळत नाही. शिडी दुसऱ्या पायरीलाच सांगून टाकते की असं सर्किट होणार नाही. फॉस्टरच्या रीतीनंही तेच दिसतं. ९ च्या पदाचा सहगुणक उणे ४०/९ येतो.

एक फॅरडचे आकडे पाहून दचकू नका, ते एकक मानून घेतलेले असतात. टेलिफोनच्या ६०० ओहमला आणि १ किलोहर्ट्झला एक धरलं, तर १ हेन्रीची होते सुमारे ९५.५ मिलिहेन्री आणि १ फॅरडचा सुमारे ०.२६५ मायक्रोफॅरड. मग शिडीतली १२/५ ची कॉइल साधारण २२९ मिलिहेन्रीची आणि १/६ चा कंडेन्सर ०.०४४ मायक्रोफॅरडचा. आता प्रयोगशाळेत सिग्नल जनरेटर एका रेझिस्टरमधून जोडा आणि शिडीच्या टोकांवरचं व्होल्टेज बघा. १ आणि ३ किलोहर्ट्झला ते खाली पडतं, २ ला वर चढतं. कॉइलच्या तारेला स्वतःचा रोध असतो, त्यामुळे १ आणि ३ ला ते पूर्ण शून्य होत नाही. खड्डा उथळ राहतो. सूत्रात हा रोध नाही, ही या रीतीची मर्यादा.

मग दोन्हीतलं कोणतं घ्यायचं? रांगेत टँकची किंमत बदलली की २ किलोहर्ट्झचा पोल सरळ हलतो, त्यामुळे तो जुळवणं सोपं. शिडीत एक घटक हलवला की पोल-झीरोंचं गणित सगळंच हलतं. पण शिडीतल्या प्रत्येक कंडेन्सरचं एक टोक जमिनीला असतं. त्यामुळे तारांची उगाच येणारी थोडीशी कपॅसिटन्स त्याच्यातच मिळून जाते, आणि तेवढी वजा करून घेता येते. रांगेतल्या मधल्या सांध्यांवर ही सोय नाही.

फॉस्टर १९९८ पर्यंत, शंभरी ओलांडून जगला. काउअरला पंचेचाळीस वर्षंही पुरी मिळाली नाहीत. युद्ध संपत आलं असताना, २२ एप्रिल १९४५ ला, तो बर्लिनमध्ये सोव्हिएत सैनिकांच्या हातून मारला गेला. परीक्षेच्या पेपरात ‘काउअर फर्स्ट फॉर्म’ असं येतं, तेव्हा उलट-भागाकाराच्या त्या पायऱ्या याच माणसाच्या आहेत.

तर मुरुडच्या मित्रा, पुढच्या वेळी पार्शल फ्रॅक्शन एका दमात सोडवू नकोस. एक पद काढ, उलट, पुन्हा एक काढ. शिडी आपोआप उभी राहील.